अनोळखी कंपनीला पहिला मेल : उत्तर येईल असा कसा लिहायचा?

भोसरीचा_टर्नर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं युनिट आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि आम्ही सात जण. गेली अकरा वर्षं आमचं ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं. यंदा त्यांनी आमच्याकडचे काही पार्ट स्वतःच्या शेडमध्ये घेतले आणि दोन मशीन आठवड्यातले तीन दिवस उभी राहायला लागली. नवीन गिऱ्हाईक शोधणं आता भाग आहे.

दोन महिन्यांत व्हॉल्व्ह आणि पंप बनवणाऱ्या ६२ कंपन्यांना मेल केले. उत्तरं आली दोन. एक मेल पोचलाच नाही म्हणून परत आला, आणि दुसऱ्यांनी कळवलं की व्हेंडर पोर्टलवर नोंदणी करा. मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो :

> विषय : प्रिसिजन कंपोनंट्ससाठी व्यवसायाची संधी
>
> आदरणीय महोदय/महोदया,
> आम्ही प्रिसिजन मशिनिंग क्षेत्रातील अग्रगण्य उत्पादक असून उत्कृष्ट दर्जा, वेळेवर डिलिव्हरी आणि स्पर्धात्मक दर ही आमची वैशिष्ट्ये आहेत. आपल्या सर्व मशिनिंगच्या गरजा आम्ही पूर्ण करू शकतो. सोबत कंपनी प्रोफाइल जोडले आहे. कृपया भेटीची वेळ द्यावी.

खाली नाव, मोबाइल, आयएसओचा लोगो. यात चुकतंय काय? एक जण म्हणतो की मेल पाठवायचं सॉफ्टवेअर घे आणि हजार जणांना पाठव. घ्यावं का?

चिंचवडी_मिसळ

६२ जणांना एकच मजकूर गेला ना? मग तो मेल नव्हे, पेपरात घालून येणारं पत्रक झालं. ते आपण वाचतो का?

पदवीधर_२३

दादा, माझीही हीच गत आहे. २०० एचआरना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. सीव्हीसोबत कव्हर लेटर जोडावं की मेलमध्येच लिहावं?

चिंचवडी_मिसळ

@पदवीधर_२३ अरे, ते नोकरी नाही मागत आहेत, काम मागत आहेत. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, मीही लिहीन त्यावर.

सातारी_उद्योगी

माझा अनुभव सांगतो. विषयाच्या ओळीत सुरुवातीला Re: टाका, म्हणजे आधीचं काही बोलणं झालंय असं वाटून माणूस मेल उघडतो. दुसरं, उद्यम नोंदणीचा नंबर ठळक टाका आणि ४५ दिवसांत पेमेंटचा नियम लिहा. २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना लघुउद्योगाचे पैसे थकवता येत नाहीत, त्यामुळे त्यांना आपल्याशी नीट वागावंच लागतं.

खरेदीतले_काका

पंप आणि व्हॉल्व्हच्या धंद्यात खरेदी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे. असे मेल हजारांनी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सातारकरांचं. Re: लावलेला मेल मी उघडायचो, हे खरं. आधीचं काहीच नाही हे दोन सेकंदांत कळायचं आणि त्या माणसाचं नाव डोक्यात पक्कं बसायचं, पण खोटं बोलून आत आलेला म्हणून. ज्याच्याकडून मला मापांचा रिपोर्ट खरा हवा आहे, त्याची पहिली ओळखच अशी झाली तर पुढे काय?

४५ दिवसांचं अर्धं बरोबर आहे. आयकर कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पण पहिल्या मेलमध्ये हे लिहिणं म्हणजे मुलगी पाहायला गेल्यावर पोहे यायच्या आधी पोटगीचं बोलणं. उद्यमचा नंबर व्हेंडर फॉर्ममध्ये विचारतातच, तिथे द्या.

आता टर्नरभाऊ, तुमचा मेल. त्यात खोटं काही नाही, पण माझ्या कामाचंही काही नाही. दर्जा, वेळ, दर हे तिन्ही शब्द प्रत्येक मेलमध्ये असायचे, त्यामुळे ते दिसणंच बंद झालं होतं. "सर्व गरजा पूर्ण करू" हे वाचून मी कुठलं ड्रॉइंग काढून तुम्हाला पाठवू? माझ्यापुढे चारशे पार्ट असायचे. तुमच्यासाठी त्यातला एक शोधायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत, आणि तेवढा वेळ माझ्याकडे कधीच नव्हता.

खरेदीवाला चालू व्हेंडर सहसा बदलत नाही. नवीन व्हेंडर म्हणजे ऑडिट, सँपल, क्वालिटीवाल्यांची मंजुरी, सिस्टीममध्ये कोड उघडणं. हे सगळं तो कधी करतो? काही अडलेलं असेल तेव्हाच. एखादा पार्ट सतत उशिरा येतो, कुठे रिजेक्शन वाढलंय, किंवा एखादी गोष्ट करायला कोणी तयारच नाही. तुमच्या मेलने त्या अडलेल्या जागी बोट ठेवलं तर उत्तर येतं, नाहीतर तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो.

म्हणून मला एक सांगा. तुम्ही असं कुठलं काम करता, जे शेजारचा शेडवाला "नको बाबा" म्हणून परत पाठवतो?

सर्व्हरवाली

काकांच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत माझे दोन प्रश्न. मेल कुठल्या पत्त्यावरून पाठवला आणि प्रोफाइलची फाइल केवढी होती? शिवाय ६२ पत्ते एकदम बीसीसीत टाकले होते का?

भोसरीचा_टर्नर

@सर्व्हरवाली ताई, कंपनीच्या नावाचं डोमेन आहे, गूगलचं मेल खातं आहे. फाइल १४ एमबी. आणि हो, बीसीसीत वीस-वीस टाकून तीन-चार दिवसांत पाठवले.

@खरेदीतले_काका, विचार करून लिहितो.

सर्व्हरवाली

मग बरेचसे मेल कोणी वाचले नाहीत असं नाही, ते वाचायच्या जागी गेलेच नसतील. ज्या पत्त्याशी आधी कधी बोलणं नाही, तिथून जड फाइल आणि बीसीसीत वीस जण, हे कंपन्यांच्या मेल फिल्टरला संशयास्पदच दिसतं.

आधी एवढं करा. स्वतःच्या दुसऱ्या एखाद्या जीमेलवर मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत Show original दाबा. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय का हे सांगणाऱ्या SPF, DKIM, DMARC अशा ओळी वर येतील. तिन्हींपुढे PASS हवं. SPF ची ओळच नसेल किंवा FAIL असेल, तर जिथून डोमेन घेतलंत तिथल्या डीएनएसमध्ये ही नोंद टाकावी लागेल :

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

हे तुम्ही फक्त गूगलमधूनच मेल पाठवता असं धरून. बिलिंगचं सॉफ्टवेअरही त्याच डोमेनवरून मेल पाठवत असेल तर तेही याच ओळीत यायला हवं, वेगळी दुसरी ओळ केलीत तर दोन्ही बिघडतात. DKIM गूगलच्या अ‍ॅडमिन पानावरून चालू करायचं असतं, ते आपोआप होतंच असं नाही.

हजार मेलच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर नको. लोकांनी स्पॅमचं बटण दाबलं की डोमेनचं नाव खराब होतं आणि मग तुमची रोजची इन्व्हॉइससुद्धा जुन्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडायला लागते. हे मी दोन ठिकाणी निस्तरलंय, महिनोन् महिने जातात.

शिरोलीकर

मेलबिल सोडा हो. आमच्या कोल्हापुरात फाउंड्रीवाला गाडी काढतो, कास्टिंगचा एक नग पिशवीत घालतो आणि सरळ गेटवर जातो. सिक्युरिटीला सांगायचं, खरेदीतल्या साहेबांना दोन मिनिटं भेटायचंय. दहातले तीन आत घेतात. मेलला असं होतं का?

खरेदीतले_काका

@शिरोलीकर कोल्हापूरचे लोक असे यायचे आणि त्यातले काही आमचे कायमचे व्हेंडरही झाले. पण गेटवरून फोन आला की मी मीटिंगमध्ये असायचो आणि राग यायचा. आधी मेल, मग "उद्या तुमच्याकडे येतोय, नग दाखवू का" असा फोन, हे जास्त बरं वाटायचं. मात्र माझ्या जागी आलेला मुलगा अनोळखी फोन उचलतच नाही. त्यामुळे आज गेट चांगलं की मेल, यावर मी पैज लावणार नाही.

भोसरीचा_टर्नर

काका, रात्री जॉबकार्ड काढून बसलो. वर्षभराचे लॉट पाहिले. एक गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची सर्व्हिसवाली मंडळी वर्षातून पंधरा-वीस वेळा छोटे लॉट देतात. जुन्या गेट व्हॉल्व्हचे स्टेम, कधी १२ नग, कधी २०. दोन मोठ्या व्हेंडरनी ते काम सोडलं म्हणून आमच्याकडे आलं. सेटिंगला अर्धा दिवस जातो आणि नग निघतात वीस, त्यांना ते परवडत नाही.

आणि स्टेम किचकट असतो. आमचा नेहमीचा १८ मिमी व्यास आणि ३०० मिमी लांबी, म्हणजे लांबी व्यासाच्या सोळापटीहून जास्त. नुसतं चक आणि टेलस्टॉकमध्ये धरून टर्न केला तर मध्ये दाब पडून वाकतो, थरथरीच्या रेघा उठतात आणि पॅकिंग बसतं तिथे नेमकी त्या रेघांतून गळती होते. आमच्या हेडमिस्त्रींनी स्टेडी रेस्टची एक मांडणी बसवली आहे. ती केली की रन-आउट ०.०५ च्या आत राहतो. पॅकिंगच्या भागाला नंतर बाहेरून सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करून घेतो, तिथे फिनिश ०.४ मायक्रॉन मिळतं.

हे "नको बाबा" वालं काम म्हणता येईल का?

खरेदीतले_काका

म्हणता येईल काय, हेच तुमचं दुकान आहे! अहो, सर्व्हिसच्या स्पेअरसाठी मी वीस-वीस नगांच्या पीओ घेऊन व्हेंडरच्या मागे फिरलोय. आमचा गिऱ्हाईक प्लँट बंद ठेवून बसलेला असायचा आणि मला उत्तर मिळायचं, "साहेब, मोठ्या लॉटसोबत काढतो."

आता ६२ कंपन्या विसरा. ज्यांच्या वेबसाइटवर सर्व्हिसचं किंवा स्पेअरचं वेगळं पान आहे, जुन्या मॉडेलचे पार्ट देतो असं जे लिहितात, तेवढ्याच काढा. दहा-बारा निघतील. आणि मेल खरेदीप्रमुखाला नको, जो स्पेअर किंवा सर्व्हिस बघतो त्याला. दुखणं त्याचं आहे, तोच तुमचा मेल खरेदीकडे पुढे ढकलेल. आतल्या माणसाने पुढे पाठवलेला मेल खरेदीवाला वाचतोच.

एक मसुदा टाका इथे.

नाशिकची_खोकेवाली

मध्येच माझं सांगते, धंदा वेगळा पण गोष्ट तीच. माझा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. पहिल्या वर्षी द्राक्ष निर्यातदारांना फेब्रुवारीत मेल केले, एकाचंही उत्तर नाही. नंतर कळलं, तेव्हा पॅकहाउसमध्ये रात्रंदिवस माल चालू असतो, खोका बदलायचा विचार कोण करणार? खोक्याचा निर्णय छाटणीनंतर होतो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फक्त सात जणांना लिहिलं. एकच मुद्दा होता. शीतगृहातल्या ओलाव्याने खोक्याची ताकद उतरते आणि थप्पीतला तळचा खोका बसतो. मी माझा खोका चार दिवस शीतगृहात ठेवून, वर वजन रचून फोटो काढला होता, आधीचा आणि नंतरचा. तो एकच फोटो. शेवटी विचारलं, "मागच्या हंगामात तळचे खोके बसले होते का?" चौघांनी उत्तर दिलं. दोघांनी "हो" एवढंच लिहिलं, पण मला तेवढंच हवं होतं.

श्टुटगार्टची_शमा

सगळं पटतंय, फक्त एक धोक्याची सूचना. टर्नरदादा, उद्या निर्यातीसाठी जर्मन कंपन्यांना असंच लिहावंसं वाटलं तर थांबा. इथे स्पर्धा कायद्याच्या सातव्या कलमाखाली आधी संमती नसताना जाहिरातीचा मेल पाठवता येत नाही, कंपनीला पाठवला तरीही. वकिलाची नोटीस येते. इथले लोक चक्क टपालाने पत्र पाठवतात किंवा प्रदर्शनात भेटून कार्ड घेतात.

भोसरीचा_टर्नर

@श्टुटगार्टची_शमा बरं झालं सांगितलंत ताई, सध्या पुणे-कोल्हापूर-अहमदाबादच्या पुढे जात नाही. हा मसुदा बघा :

> विषय : जुन्या मॉडेलचे व्हॉल्व्ह स्टेम, १० ते ५० नगांचे लॉट
>
> नमस्कार,
> आपल्या वेबसाइटच्या सर्व्हिस पानावर वाचलं की बंद झालेल्या गेट व्हॉल्व्हचे स्पेअरही आपण देता. अशा स्टेमचे लॉट १५-२० नगांचे असतात आणि मोठे व्हेंडर ते मागे ठेवतात, याचा त्रास आपल्याला होतच असेल.
> भोसरीत आमचं सात जणांचं युनिट आहे. १६ ते ४० मिमी व्यासाचे, ६०० मिमीपर्यंत लांबीचे स्टेम आम्ही छोट्या लॉटमध्ये करतो. एसएस ३१६ चे २० नग, मटेरियल सर्टिफिकेट आणि प्रत्येक नगाच्या मापांसह, ड्रॉइंग मिळाल्यापासून १२ दिवसांत देतो.
> सोबत एका स्टेमचा फोटो आणि त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडला आहे.
> असे लॉट आपल्याकडे सध्या अडतात का? नसतील तर "नाही" एवढं कळवलंत तरी पुरे.

चिंचवडी_मिसळ

पहिला मेल आणि हा, एकाच माणसाने लिहिलाय असं वाटत नाही. झकास.

खरेदीतले_काका

चांगला आहे. तीन ठिकाणी अडलो.

"याचा त्रास आपल्याला होतच असेल" हे काढा. माझ्या घरात काय दुखतंय ते परक्याने मला सांगितलेलं आवडत नाही, मग ते खरं का असेना. तुमचं सांगा : आमच्या एका गिऱ्हाइकाकडे असे लॉट अडायचे, ते आम्ही करतोय. वाचणारा जुळवणी आपोआप करतो.

दुसरं, फोटो आणि रिपोर्ट. कोणाचा? जुन्या गिऱ्हाइकाचाच ना? रिपोर्टवर पार्ट नंबर असेल, ड्रॉइंग नंबर असेल. तो पाहून मला वाटेल, उद्या माझं ड्रॉइंगही हा असंच कोणाला दाखवेल. मी एकाला याच कारणाने नाही म्हटलं होतं, आणि माणूस कामाला उत्तम होता. स्वतःच्या मापाचा एक नमुना स्टेम करा, त्याचाच रिपोर्ट काढा. आणि तोही पहिल्या मेलला जोडू नका, "हवा असल्यास पाठवतो" एवढं लिहा.

तिसरं, १२ दिवस. हे कसे काढलेत? कोणी फोन करून विचारलं तर मोजून दाखवता आले पाहिजेत.

भोसरीचा_टर्नर

बार भोसरीतल्याच स्टॉकिस्टकडून, सर्टिफिकेटसकट, २ दिवस. कटिंग, टर्निंग आणि थ्रेडिंग ४. ग्राइंडिंग बाहेर, त्याला ३. मापं घेऊन रिपोर्ट १. झाले १०. दोन दिवस हातचे, कारण ग्राइंडिंगवाल्याची आणि आमची गुरुवारची सुट्टी मध्ये येतेच.

फोटोचं तुम्ही म्हणता ते डोक्यातच नव्हतं. पार्ट नंबर अगदी स्पष्ट दिसत होता त्यात.

पदवीधर_२३

गुरुवारची सुट्टी? कारखान्यांना रविवार नसतो?

शिरोलीकर

पिंपरी-चिंचवड-भोसरीचा गुरुवार प्रसिद्ध आहे की. विजेच्या भारामुळे औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले होते, तेव्हापासूनचा. टर्नर, गुरुवारी मेल पाठवू नका म्हणजे झालं.

खरेदीतले_काका

पिंपरीच्या कंपनीला गुरुवारी पाठवला तर शुक्रवारी सकाळच्या ढिगात तो खाली असतो, हे खरं. महिन्याचे शेवटचे चार दिवस आणि मार्च अखेरही टाळा, तेव्हा खरेदीवाला फक्त माल आत आणण्यात गुंतलेला असतो.

सातारी_उद्योगी

Re: चं माझं चुकलं, मान्य. पण "नाही कळवलंत तरी पुरे" हे मला अजिबात पटत नाही. आपणच नकाराचं दार उघडून द्यायचं? सेल्समध्ये पहिला धडा असतो की समोरच्याला "नाही" म्हणायची जागा ठेवू नये. त्यापेक्षा "मंगळवारी अकरा की बुधवारी तीन?" असं विचारा.

नाशिकची_खोकेवाली

मला उलट वाटतं. "मंगळवारी की बुधवारी" वाचलं की मी तरी मेल बंदच करते, कारण भेटायचं ठरवलंच नाही तर वार कसला निवडायचा? "नाही" लिहिण्यात समोरच्याला काही जात नाही. आणि नाही आलं की मला तो पत्ता यादीतून काढता येतो.

सातारी_उद्योगी

ताई, माझी दोन मोठी गिऱ्हाइकं याच वाराच्या प्रश्नाने मिळाली आहेत. त्यामुळे मी माझं सोडत नाही.

खरेदीतले_काका

@सातारी_उद्योगी ती आधीच्या ओळखीची होती की अगदी कोरी?

सातारी_उद्योगी

एक ओळखीतून. दुसरा प्रदर्शनात भेटला होता.

खरेदीतले_काका

मग तिथे वार विचारणं बरोबरच होतं. चेहरा माहीत होता. इथे टर्नरभाऊंचं नावही कोणी ऐकलेलं नाही. तरी "नाही कळवा" ही ओळ हवीच असं मीही म्हणणार नाही. प्रश्नावर मेल संपला तरी चालेल.

सर्व्हरवाली

आणि साधा मजकूर ठेवा. खालचा लोगो, रंगीत पट्टी, पाच लिंका काढा. नाव, मोबाइल, युनिटचा पत्ता, वेबसाइट. एकेकाला वेगळा पाठवा, दिवसाला तीन-चार. मेल उघडला का ते कळायचं ट्रॅकर लावू नका. बऱ्याच कंपन्यांत मेल माणसाच्या आधी फिल्टरच उघडतो, त्यामुळे तो आकडा तुम्हाला फसवेल.

भोसरीचा_टर्नर

सगळ्यांचे आभार. SPF पास होता, DKIM बंद होतं, चालू केलं. आमच्या शेडमध्येच एक नमुना स्टेम केला. उद्यापासून सुरुवात करतो आणि काय होतं ते इथेच लिहितो.

चिंचवडी_मिसळ

नक्की लिहा. बरेच धागे "सुरुवात करतो" वर संपतात आणि मग माणूस गायब.

भोसरीचा_टर्नर

(पाच आठवड्यांनी)

गायब झालो नाही. हिशोब देतो.

सर्व्हिस पान असलेल्या ११ कंपन्या निघाल्या. त्यातल्या दोघांकडे योग्य माणूसच सापडला नाही, म्हणून ९ मेल गेले. प्रत्येकाची पहिली ओळ वेगळी, कारण प्रत्येकाचं पान वाचून लिहिली. एकाकडे गेट ऐवजी ग्लोब व्हॉल्व्ह होते, एकाने "दहा वर्षं जुन्या मालालाही स्पेअर" असं लिहिलं होतं, तेच शब्द घेतले. एका मेलला साधारण चाळीस मिनिटं लागली.

पहिल्या आठवड्यात दोन उत्तरं. एकाचं "आमचे स्टेम आम्ही आतच करतो", दुसऱ्याचं "सध्या गरज नाही, एप्रिलमध्ये आठवण करा". सात कामाच्या दिवसांनी उरलेल्या सात जणांना त्याच मेलच्या धाग्यात एकदाच परत लिहिलं. "मेल पाहिलात का" असं विचारलं नाही. नवीन माहिती दिली : नमुना स्टेम तयार आहे, ३०० मिमी लांबीवर रन-आउट ०.०३ आला, रिपोर्ट हवा असल्यास पाठवतो. त्यावर दोघांनी रिपोर्ट मागवला. उरलेल्या पाच जणांना आता परत लिहिणार नाही.

रिपोर्ट मागवलेल्यांपैकी एकाने काल ड्रॉइंग पाठवलं. २४ नग! पण स्टेम एसएस ४१० चा आहे, हार्डनिंग-टेम्परिंग करून. मेलमध्ये मी ३१६ चं लिहिलं होतं. ४१० आम्ही टर्न केलाय, पण हार्डनिंग कधी करून घेतलं नाही. आमचे हेडमिस्त्री म्हणतात घे, होईल. बायको म्हणते पहिल्याच कामात अंदाज नको. शनिवारपर्यंत कोटेशन द्यायचं आहे. त्या साहेबांना काय लिहू?

शिरोलीकर

घ्या! हार्डनिंगवाले ढीगभर आहेत भोसरीत.

खरेदीतले_काका

अभिनंदन! पण शिरोलीकर, इतकं सरळ नाही. हार्डनिंगमध्ये असा लांब बारीक स्टेम वाकतो. टर्निंगला पूर्ण मापावर आणून मग भट्टीत दिला तर नग वाया जातील. ग्राइंडिंगसाठी व्यासावर माल शिल्लक ठेवावा लागतो, भट्टीत उभे टांगावे लागतात, आणि नंतर सरळ करून मग ग्राइंडिंग. किती शिल्लक ठेवायचा ते हार्डनिंगवाल्याशी बसून ठरवा, त्याने अशा मापाचे नग केले असतील तर त्याला वाकण्याचा अंदाज असतो.

साहेबांना आहे तसं लिहा. ३१६ आमचं रोजचं, ४१० टर्न केला आहे, हार्डनिंग बाहेरून होईल, कोणाकडून ते सांगतो आणि कडकपणाचं सर्टिफिकेट देतो. दिवस १२ नव्हे, हार्डनिंगवाल्याचे मिळवून सांगा. आणि २४ च्या आधी ३ नग सँपल म्हणून द्यायची परवानगी मागा. हे वाचून मी तरी एन्क्वायरी काढून घेतली नसती. तो काढेल की नाही, ते त्याच्याकडे किती घाई आहे त्यावर आहे.

नाशिकची_खोकेवाली

ड्रॉइंगमध्ये कडकपणाची मर्यादा दिलीय का? दिली नसेल तर तेच विचारायला आज फोन करा. त्यांनी ड्रॉइंग पाठवलंय, आता फोन करणं आगाऊपणा नाही.

भोसरीचा_टर्नर

दिलेली नाही! नोटमध्ये फक्त "हार्डन अँड टेम्पर" आहे. साडेदहाला त्यांचं ऑफिस उघडतं, तेव्हा फोन करतो. हार्डनिंगवाल्याकडे दुपारी जाऊन येतो.